सड्यावरच्या तीस चौकटी

मी वनस्पतिशास्त्र शिकवते, पण झाडांवर माझं प्रेम वगैरे नव्हतं. बारावीला गणित झेपलं नाही म्हणून जीवशास्त्र घेतलं, प्राण्यांची किळस यायची म्हणून वनस्पती घेतल्या, आणि एमएस्सी झाल्यावर महाडच्या एका कॉलेजात जागा निघाली म्हणून शिकवायला लागले. पुढे या विषयात माझ्यावर अशी वेळ आली की भर ग्रामपंचायतीत उभं राहून मला स्वतःचाच अहवाल खोटा म्हणावं लागलं. त्याची ही गोष्ट.

पोलादपूर तालुक्यात, आंबेनळी घाटाच्या पायथ्याजवळ एक गाव आहे. गावाच्या डोक्यावर सडा. सडा म्हणजे डोंगरावरचं सपाट, खडकाळ पठार. गावच्या सरपंचांना त्या सड्यावर झाडं लावायची होती. हजारो खड्डे, हजारो रोपं, सगळी एकाच जातीची, परदेशी आणि झटपट वाढणारी. योजनेच्या कागदांत एक कागद असा होता की, या जागेवर सध्या कोणत्या वनस्पती आहेत आणि त्यांची विविधता किती, याचा अहवाल जोडावा. सरपंच कॉलेजात आले. आमच्या विभागप्रमुखांनी, म्हणजे सरांनी, अहवाल माझ्याकडे ढकलला.

"दोन दिवसांचं काम आहे," सर म्हणाले. "क्वाड्रॅट टाका, मोजा, सूत्रात घाला."

सरांना डोंगर चढून किती वर्षं झाली होती हे विचारायची माझी हिंमत नव्हती.

क्वाड्रॅट म्हणजे साधी चौकट. आख्खा डोंगर मोजता येत नाही, म्हणून ठरावीक मापाची चौकट जागोजागी ठेवायची, तिच्या आतली झाडं मोजायची आणि त्यावरून डोंगराचा अंदाज बांधायचा. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात तीच, फक्त हे भांडं नीट ढवळलेलं नसतं, एवढं मात्र लक्षात ठेवायचं. मी ठेवलं नाही.

आमच्या प्रयोगशाळेत एक परिचर होते. सगळे त्यांना मामा म्हणत. ते त्याच गावचे. त्यांनी प्लंबरकडून प्लॅस्टिकचे पाइप आणून एक मीटर बाय एक मीटरची सुबक चौकट करून दिली. ती एसटीत नेताना कंडक्टरने विचारलं, "खिडकी बसवायला चाललाय?" आणि गावात उतरल्यावर तर ती चौकट आणि माझ्या हातातली मोजपट्टी बघून पारावरचे चार जण उठूनच उभे राहिले.

"मोजणी हाय काय? रस्ता हिकडनं जातोय?"

महामार्गाच्या रुंदीकरणापासून आमच्या भागात कुणी मोजपट्टी काढली की माणसं सातबारा शोधायला धावतात. मामांनी त्यांना समजावलं की मॅडम गवत मोजायला आल्यात. ते ऐकून त्यांची भीती गेली आणि माझी किंमतही गेली.

एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. दहा वाजताच सडा तव्यासारखा तापला होता. मी कॉलेजात शिकलेली पद्धत वापरली: पाठ फिरवायची, डोळे मिटायचे आणि चौकट खांद्यावरून मागे भिरकावायची. जिथे पडेल तिथे मोजायचं. डोळे मिटले की निवड आपली राहत नाही, सगळं निष्पक्ष होतं, अशी माझी समजूत. पहिलीच फेक मामांच्या पाठीत बसली.

"मॅडम, मी वनस्पती नाय," मामा म्हणाले.

दुसरी करवंदीच्या जाळीत पडली. काट्यांत हात कोण घालणार? ती फेक धरायची नाही असं ठरलं. तिसरी उताराच्या टोकाला गेली. तिथे माझ्या सँडल टिकल्या नसत्या, म्हणून तीही धरायची नाही. मग आम्ही पायवाटेने चालत राहिलो. दर पंचवीस पावलांवर मी पाठ फिरवायची आणि चौकट उडवायची. पाइपाची चौकट किती लांब जाणार? दहा पावलं, बारा पावलं. दुपारी दीडपर्यंत वीस चौकटी झाल्या आणि आम्ही उतरलो. दोन दिवसांचं काम साडेतीन तासांत! मला स्वतःचं फारच कौतुक वाटलं.

वीस चौकटींत मिळून शंभर झाडं भरली. बरोब्बर शंभर. सरांना संशय आला की मी आकडे घरी बसून बनवलेत. त्यातले ऐंशी वाळलेल्या कुसळी गवताचे ठोंब, दहा दुसऱ्या एका गवताचे, वाळल्यामुळे ज्याची ओळख पटेना. सहा भुईरिंगणीची काटेरी झुडपं आणि चार उपळसरीचे वेल.

विविधतेचा निर्देशांक काढायचा म्हणजे यातल्या प्रत्येक जातीचा एकूणातला वाटा घ्यायचा. ऐंशी म्हणजे शून्य पूर्णांक आठ, दहा म्हणजे शून्य पूर्णांक एक, असं करत चारही. प्रत्येक वाट्याचा वर्ग करायचा, सगळ्या वर्गांची बेरीज करायची आणि ती एकातून वजा करायची. माझं उत्तर आलं ०.३४. एकच जात सगळीकडे माजली असेल तर आकडा शून्याकडे जातो, पुष्कळ जाती सारख्या वाट्याने नांदत असतील तर एकाकडे. ०.३४ म्हणजे गरीब सडा. सरपंच खूश झाले. सर खूश झाले. मी अहवालावर सही केली.

एक मेच्या ग्रामसभेत सरपंचांनी मला बोलवलं. अहवाल वाचायचा, टाळ्या घ्यायच्या आणि नाश्ता करून परत यायचं, एवढंच. शाळेच्या वर्गात सभा भरली होती. मी फळ्यावर आकडा लिहिला आणि समजावून सांगितला. "सड्यावरची कोणतीही दोन झाडं डोळे मिटून उचलली, तर ती वेगवेगळ्या जातींची असण्याची शक्यता शंभरात फक्त चौतीस. म्हणजे सडा जवळपास ओसाड आहे."

बायकांच्या रांगेतून कुणीतरी हसलं. मोठ्याने, बिनधास्त. मामांनी कपाळाला हात लावला, कारण त्या त्यांच्या थोरल्या वहिनी होत्या. साठीच्या पुढची बाई, हातांवर गवताने कापल्याच्या शेकडो रेघा. सगळं गाव त्यांना काकी म्हणायचं.

"कधी मोजलंस गो?" काकींनी विचारलं.

"गेल्या आठवड्यात."

"आता ही शाळा बघ. उद्या परवा सुट्टी लागंल. तवा येऊन पोरं मोज. झाडूवाली भेटंल आन् एक कुत्रं. मग सांग सगल्यांना, ह्या गावात पोरंच नायत."

वर्ग हसला. मी म्हटलं, "काकी, शास्त्रात पद्धत असते."

"असंल. पन तुजी चौकट सगली वाटंच्या कडंलाच पडत व्हती. मी वर लाकडं गोला करत व्हते, बघितलं ना. तितनं आमची गुरं रोज चालतात. जे तुडवून, खाऊन उरतं त्ये तू मोजलंस. वरच्या अंगाला गेलीसच नाय."

"मी डोळे मिटून टाकत होते," मी म्हणाले. हे वाक्य तोंडातून बाहेर पडतानाच मला ते किती बावळट आहे ते कळलं.

"डोले मिटलेस. पाय कुठं मिटलेस?"

सरपंचांनी विषय आवरला. खड्डे जूनमध्ये सुरू करायचे असा ठराव वाचला गेला. मी नाश्त्याला थांबले नाही. एसटीत खिडकीशी बसून त्या बाईला मनातल्या मनात सतरा उत्तरं दिली. घरी आल्यावर मोबाइल काढला. प्रत्येक चौकटीचा फोटो मी घेतला होता आणि फोटोबरोबर जागेचीही नोंद होती. वीसच्या वीस जागा नकाशावर उमटवल्या. पायवाट जशी वळत होती तशा त्या वळत होत्या. मण्यांची माळ घातल्यासारख्या. एकही टिंब वाटेपासून पंधरा पावलांच्या पलीकडे नव्हतं. जे काटेरी, जे उताराचं, जे लांबचं, ते सगळं मी टाळलं होतं आणि त्या टाळण्याला निष्पक्षपणा म्हटलं होतं.

माझा आकडा चुकला नव्हता. एप्रिलमधल्या पायवाटेचा तो अगदी बरोबर आकडा होता. मी त्याला सड्याचा म्हणाले, तिथे घोळ झाला.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. सरांनी चष्मा पुसला. "अहो, सगळे असंच करतात."

"म्हणून तर सगळीकडे ओसाड सडे आहेत," मी म्हणाले. मला आवडलं ते वाक्य. सरांना नाही आवडलं.

सरपंचांना फोन केला तेव्हा ते आधी समजुतीने बोलले, मग चिडले. "मॅडम, तुमचा झाडं लावायला विरोध आहे का? वनस्पतिशास्त्राच्या बाईचा?" मी मेच्या अखेरीस पुन्हा गावात गेले. ग्रामपंचायतीत सदस्य बसले होते, दारात काकीही होत्या. उभी राहून सांगितलं की माझा अहवाल मी मागे घेते, चौकटी चुकीच्या जागी पडल्या, चुकीच्या महिन्यात पडल्या, पाऊस ओसरल्यावर पुन्हा मोजू द्या. कुणीतरी मागून म्हणालं, "म्हणजे सही केली तेव्हा झोपेत होतात?" मी "हो" म्हणाले.

माझ्या प्रामाणिकपणाने सगळ्यांची मनं वितळली आणि काम थांबलं, असं मला लिहायला आवडलं असतं. पण तसं झालं नाही. सरपंचांनी माझं पत्र फायलीत टाकलं आणि खड्ड्यांसाठी माणसं ठरवली. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात कशेडी घाटात दरड आली. पलीकडून रोपं घेऊन निघालेला ट्रक दोन दिवस तिथेच उभा राहिला, मग माघारी फिरला आणि ती रोपं दुसऱ्याच कुठल्यातरी गावाला गेली. नवी रोपं पुढच्या वर्षी. सड्याला आणि मला वर्ष मिळालं ते दरडीच्या कृपेने.

या वेळी मी आधी कागदावर काम केलं. मोबाइलवर उपग्रहाचा फोटो काढून सड्याची बाह्यरेषा आलेखाच्या कागदावर उतरवली. ऑगस्टमध्ये जाऊन सडा पायाखाली घातला. तिथे एक नव्हे, तीन सडे होते. बहुतेक भाग उघडा खडक, त्यावर बोटभर माती. कडेने जिथे माती जाड तिथे गुडघाभर गवत. आणि मधेमधे खळगे, ज्यांत पाणी साचून राहतं. तिन्हींत उगवणारं वेगळं. सगळीकडे नुसत्या चिठ्ठ्या टाकल्या असत्या तर खळग्यांच्या वाट्याला कदाचित एकही चौकट आली नसती. म्हणून तीन भाग वेगळे धरले आणि क्षेत्रफळाच्या प्रमाणात चौकटी वाटल्या. खडक साठ टक्के, गवत तीस, खळगे दहा. एकूण तीस चौकटी ठरवल्या, म्हणजे अठरा, नऊ आणि तीन.

चौकटीचं मापही बदललं. एकाच कोपऱ्यापासून सुरुवात करून आधी वीतभर चौकोन मोजला, मग दुप्पट, मग आणखी दुप्पट, आणि दर वेळी किती नव्या जाती सापडतात ते लिहिलं. सुरुवातीला धडाधड नवी नावं येत होती. अर्धा मीटर बाजूच्या चौकटीपुढे वाढवलं तर एखादीच नवी. मग मीटरभर चौकटीत हजारभर बोटभर रोपं मोजत डोळे कशाला फोडायचे? अर्ध्या मीटरच्या जास्त चौकटी बऱ्या. मामांनी पाइप अर्धे कापले.

राहिला जागांचा प्रश्न. आलेखाच्या कागदावर आडवे-उभे आकडे होते. शून्य ते नव्व्याण्णव आकड्यांच्या चिठ्ठ्या केल्या. एक चिठ्ठी आडवं अंतर, ती परत डब्यात टाकून दुसरी उभं अंतर. दोन्ही रेषा जिथे छेदतील तिथे चौकट. बिंदू सड्याबाहेर गेला, किंवा त्या भागाचा कोटा आधीच भरला असेल, तर पुन्हा चिठ्ठी. ही सोडत मी एकटीने प्रयोगशाळेत काढली असती तर लोक म्हणाले असते, मॅडमनी सोयीचं काढलं. म्हणून मामांनी सुचवलं, "गणपतीत काढू. सगले असतात."

मुंबईचे चाकरमानी गावात आलेले. देवळासमोरच्या मांडवात दुपारी हौजी, म्हणजे आकड्यांचा तंबोला, चालली होती. हौजी संपल्यावर आमचा स्टीलचा डबा आला. एकेक जण येऊन चिठ्ठी काढायचा, मामा माइकवरून ओरडायचे. "आडवे सदतीस! उभे बारा!" मी कागदावर टिंब काढायची. मुंबईहून आलेल्या एका काकांनी विचारलं, "लाइन झाली तर काय मिळतं?" मी म्हणाले, "काही नाही." तरी ते शेवटपर्यंत बसले. सरपंच स्वतः आले आणि त्यांनी दोन चिठ्ठ्या काढल्या. त्यांचा बिंदू कड्याच्या टोकाशी गेला. मी त्यांच्याकडे बघितलं. ते गणपतीकडे बघत होते.

गणपती गेल्यावर सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही चढलो. मी, मामा आणि काकी. एप्रिलमधला तो जळका तवा कुठे गेला होता कुणास ठाऊक. खडकावर निळं, पिवळं, पांढरं पसरलेलं. सीतेची आसवं, सोनकी, तेरडा, गेंदाची पांढरी बोंडं. मला फुलांचं वेड नाही, पण मीही दोन मिनिटं तोंड उघडं टाकून उभी राहिले.

काकींनी माझा हात धरला. "हितं टाक गो चौकट. हितं बघ कसं भरलंय!"

"काकी, नाही. चिठ्ठीत जे आलंय तिथेच."

"आगं पन हितं चांगलं हाय!"

"म्हणूनच नाही. तुम्हीच म्हणालात ना, सुट्टीत शाळा मोजू नये? मग स्नेहसंमेलनाच्या दिवशीही मोजू नये."

काकी रुसल्या. एप्रिलमध्ये मी माझ्या सँडलसाठी सडा गरीब केला होता, आता काकी त्यांच्या मायेपोटी त्याला श्रीमंत करायला निघाल्या होत्या. दोघींना चिठ्ठीच सरळ ठेवणार होती. पहिली चिठ्ठी आम्हाला ऐन खडकावर घेऊन गेली. चौकटीत एक पान नाही.

"शून्य," मी लिहिलं.

"शून्य लिवतेस?" काकींचा आवाज चढला. "हातभर सरकव की! तितं हाय."

सरकवलं नाही. दिवसभरात अशी चार शून्यं आली, प्रत्येक वेळी काकींचा चेहरा कुणीतरी चोरी केल्यासारखा. सातव्या जागेवर नेमकं फुरसं पसरलं होतं, खडकाच्या रंगाचं, वेटोळं करून. मी म्हटलं, दुसरी चिठ्ठी काढू. काकी म्हणाल्या, "कशाला? त्याला काय हितं ऱ्हायचं नाय. जेवून घ्या." आम्ही दहा पावलांवर बसून भाकरी आणि सुकट खाल्ली. अर्ध्या तासाने साप गेला आणि आम्ही चौकट ठेवली. करवंदीच्या जाळीतही एक आली. या वेळी मी सरपटत शिरले आणि कोपर सोलून घेऊन बाहेर आले. फक्त सरपंचांच्या कड्यावरच्या बिंदूशी गांधीलमाश्यांचं पोळं निघालं आणि मामांच्या कानाला प्रसाद मिळाला. ती जागा बदलली. का बदलली ते वहीत स्पष्ट लिहून त्याच भागासाठी नवी चिठ्ठी काढली.

चौकटीच्या काठावरच्या रोपांवरून भांडण झालं. मुळं ज्या बाजूला ते रोप त्या बाजूचं, हे काकींना पटलं. पण मूळ नेमकं पाइपाखाली असेल तर? माझा नियम असा की वरच्या आणि डाव्या काठावरचं आत धरायचं, खालच्या आणि उजव्या काठावरचं बाहेर.

"मनाला येईल तसं?"

"तसं नाही. सगळं आत धरलं तर जास्त भरतं, सगळं बाहेर टाकलं तर कमी. दोन काठ आत, दोन बाहेर, म्हणजे हिशेब बरोबर राहतो."

"असा नियम बांधावरच्या आंब्याला लावला असता," काकी म्हणाल्या, "तर माजा सासरा आन् चुलतसासरा मरेपर्यंत बोलले असते."

मग ओळखीचा घोळ. माझ्या वहीत 'गवत ३' आणि 'गवत ७' अशा दोन जाती होत्या. काकींनी दोन्ही काड्या हातात घेतल्या. "ह्ये एकच. ह्याला अजून तुरा आला नाय इतकंच." बघितलं तर खरंच. एकाच जातीच्या दोन जाती करून मी विविधता फुगवली होती. पण थोड्या वेळाने मी भिंगातून गेंदाच्या बोंडांकडे बघितलं आणि काकी ज्याला सरसकट गेंद म्हणत होत्या त्यात तीन निराळ्या जाती निघाल्या. भिंग काकींच्या हातात दिलं. त्यांनी तिन्ही बोंडं आळीपाळीने भिंगाखाली धरली. मग म्हणाल्या, "चालीस वर्सं एकाच नावानं हाक मारली बिचाऱ्यांना."

तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी मी एक जास्तीचं काम केलं. काकींच्या दोन तक्रारी होत्या, महिना चुकला आणि जागा चुकली. यातली कोणती किती खरी, हे कळायला हवं होतं. म्हणून त्याच सप्टेंबरात, त्याच चौकटीने, पायवाटेच्या कडेने चिठ्ठ्या टाकून दहा जागा वेगळ्या मोजल्या.

आकडे आले. सड्यावर एकूण एकतीस जाती, सगळ्यांत जास्त असलेल्या जातीचा वाटाही तीस टक्क्यांच्या आत. निर्देशांक ०.८६. पायवाटेच्या कडेला ०.६१. म्हणजे काकी दोन्ही बाबतींत खऱ्या होत्या. ऋतूने आकडा चढला होता आणि वाट सोडल्यावर आणखी चढला होता.

दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पुन्हा तोच वर्ग, तोच फळा. मी आधीच सांगितलं की एप्रिलचा ०.३४ आणि आताचा ०.८६ यांची सरळ तुलना करू नका, तेव्हाची चौकट मोठी होती, महिना निराळा होता, जागा निवडण्याची पद्धत भिकार होती. हे ऐकून लोक जरा हिरमुसले. त्यांना सडा पन्नास गुणांनी पुढे गेला असं ऐकायचं होतं.

सरपंच उठले. माणूस हुशार. "मॅडम, एकतीस जाती आहेत. आम्ही लावणार ती बत्तिसावी. मग तुमचा आकडा वाढेलच ना?"

काकींच्या मांडीवर दुपारच्या निवडणाची पिशवी होती. मी त्यांच्याकडून वाल, मूग, चवळी आणि मटकी मागून घेतली, शाळेच्या पोषण आहारातले तांदूळ घेतले. एका ताटलीत चारही कडधान्यं दहा दहा दाणे. दुसऱ्या ताटलीत तेच दहा दहा, वर तीन मुठी तांदूळ.

"दुसऱ्या ताटलीत जाती पाच, पहिलीत चार. आता डोळे मिटा आणि प्रत्येकीतून दोन दोन दाणे काढा."

सरपंचांनी काढले. पहिलीतून एक वाल, एक मूग. दुसरीतून तांदूळ आणि तांदूळ. परत काढले. परत तांदूळ, तांदूळ.

"जात एक वाढली, आकडा पडला," मी म्हणाले. "कारण एकच सगळ्यांवर बसली. आणि ही तर नुसती मोजणी झाली. प्रत्यक्षात ती झाडं सावली धरतील, पाला टाकतील, खड्डे खणताना ती बोटभर मातीही जाईल. वाल-मूग तेवढेही उरणार नाहीत."

"आन् माजं गवत?" एक म्हातारा ओरडला. त्याला विविधतेचं काही देणंघेणं नव्हतं. त्याची गाय होती. सभा खरी फिरली ती तिथे. निर्देशांकाने दार उघडलं असेल, पण आत शिरली ती गाय.

ठराव असा झाला की सड्यावर खड्डे नकोत. झाडं लावायची ती खाली, रस्त्याच्या कडेला आणि शाळेच्या आवारात, आणि आंबा, जांभूळ, फणस अशी मिसळ लावायची. सरपंचांनी तोंड वाकडं केलं, मग त्याच ठरावावर पहिली सही केली. महिन्याभरात गावाच्या कमानीशी पाटी लागली: 'विविधता ८६ टक्के'. टक्के नव्हे हो, असं मी त्यांना तीनदा सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, शून्य पूर्णांक वाचून कोण थांबणार?"

सर म्हणाले, "एवढं सगळं एका निर्देशांकासाठी?" आणि पुढच्या वर्गाला क्वाड्रॅट शिकवायचं काम कायमचं माझ्याकडे दिलं. खांद्यावरून चौकट फेकणाऱ्या मुलांना मी आता फेकू देते. मग त्यांना नकाशावर टिंबं काढायला लावते आणि गप्प बसते.

अहवाल छापून झाल्यावर एक प्रत काकींना नेऊन दिली. त्यांना वाचता येतं, हळूहळू. ओसरीवर बसून त्यांनी जातींची यादी पहिल्यापासून बघायला सुरुवात केली. पहिल्या रकान्यात शास्त्रीय नावं, शेवटच्या रकान्यात, बारीक अक्षरात, गावातली.

"आमची नावं मागं का गो?"

"अशीच पद्धत असते, काकी."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याला मी आता चांगलीच ओळखते. मी प्रत परत घेतली, महाडला जाऊन रकाने बदलले आणि पुन्हा छापली. गेंदाच्या तीन जातींपुढे गावातलं नाव एकच होतं, म्हणून दोन जागा मोकळ्या राहिल्या होत्या. पुढच्या रविवारी काकींनी त्या पेनने भरल्या. तुरा बुटका ती 'बुटका गेंद', आणि पाण्यात उभी राहते ती 'पान्यातला'.